60 आणि 70 यांच्यामधलं वाक्य: असाइनमेंटचं ब्रीफ आणि रुब्रिक कसं वाचायचं

सप्टेंबरमध्ये ब्रिटनला एमएससीला आलेल्या आपल्याकडच्या मुलांचा पहिला निकाल फेब्रुवारीच्या आसपास लागतो. तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: ‘सगळं लिहिलं होतं, मग 58च का?’ बहुतेक वेळा खरोखरच सगळं लिहिलेलं असतं. व्याख्या, सिद्धान्त, कंपनीचा इतिहास, आकृत्या, शेवटी शिफारशी. पण मार्क ज्याला द्यायचे होते ते त्यात थोडं असतं आणि ज्याला फारसे नव्हते ते भरपूर. हे लिहायला बसण्याआधी कळू शकतं, कारण काय करायचं ते ब्रीफमध्ये आणि मार्क कशाला आहेत ते रुब्रिक नावाच्या तक्त्यात विद्यापीठानं आधीच छापून दिलेलं असतं. ते कसं वाचायचं, ते एका उदाहरणावरून सांगतो.

आधी मार्कांचा हिशोब. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारणपणे 50 ला पास, 60 ला मेरिट आणि 70 ला डिस्टिंक्शन. 80 च्या वर क्वचितच कोणी जातं. म्हणजे पट्टी कागदावर शंभराची असली तरी खरी लढत 50 ते 75 मध्ये होते. बारावीच्या 92 टक्क्यांच्या सवयीनं 66 पाहून धक्का बसतो, पण 66 हा चांगला मार्क आहे.

दुसरी गोष्ट, तुमचा पेपर तपासणारा एकटा नसतो. काही नमुना पेपर दुसरा प्राध्यापक पाहतो आणि त्यानंतर बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षक. म्हणून पहिल्या तपासनिसाला 64 का दिले हे रुब्रिकच्या भाषेत सांगता यावं लागतं. त्याला तुमचा पेपर मनातून आवडला तरी ‘सातत्यानं चिकित्सक’ या खणातलं काही पानावर सापडलं नाही, तर तो तिथले मार्क देऊ शकत नाही. रुब्रिक शब्दन् शब्द वाचायचं ते यासाठी.

नमुन्याचं ब्रीफ

पुढचं ब्रीफ मी बेतलेलं आहे, पण मॅनेजमेंटच्या मॉड्यूलना साधारण अशीच येतात.

‘तुमच्या पसंतीची एक संस्था निवडा. ती आपल्या पुरवठ्यातील धोके ज्या पद्धतीने हाताळते त्या पद्धतीचे किमान दोन सैद्धांतिक चौकटींच्या आधारे चिकित्सक मूल्यमापन करा आणि समर्थनासह शिफारशी द्या. 3000 शब्दांचा अहवाल. मुदत: जानेवारीतील शुक्रवार, दुपारी 12.’

खाली रुब्रिक: ज्ञान आणि समज 20 टक्के, चिकित्सक विश्लेषण 35, शिफारशी 20, संदर्भसाहित्याचा वापर 15, मांडणी आणि भाषा 10. त्याखाली लर्निंग आउटकम तीन ओळींत. त्यातल्या तिसऱ्यात लिहिलंय की विद्यार्थ्याला पुरवठ्याच्या निर्णयांचे नैतिक परिणाम ओळखता यायला हवेत.

पहिलं वाचन: क्रियापद आणि अटी

ब्रीफ छापून घ्या. पेन घेऊन फक्त दोन गोष्टींखाली रेघ मारा: काय करायला सांगितलंय ते क्रियापद आणि मोजता येणारी प्रत्येक अट.

इथे क्रियापदं दोन आहेत, मूल्यमापन करा आणि शिफारशी द्या. ‘वर्णन करा’ कुठेही नाही. म्हणजे कंपनी कधी स्थापन झाली, किती देशांत आहे, संस्थापक कोण, या माहितीला थेट मार्क नाहीत. वाचकाला संदर्भ लागावा म्हणून चार ओळी पुरतात. मूल्यमापन म्हणजे निवाडा आला: ही पद्धत कुठे चालली, कुठे फसली, कशावरून म्हणता. ‘चिकित्सक’ म्हटल्यावर आणखी एक काम वाढतं. ज्या सिद्धान्ताच्या मापानं कंपनी मोजताय ते मापही तपासायचं. आपल्या विद्यापीठातल्या दहा मार्कांच्या प्रश्नात सिद्धान्त नीट लिहिला की काम झालेलं असायचं. इथे त्याच्यापासून काम सुरू होतं.

‘समर्थनासह’ हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्याचा अर्थ, प्रत्येक शिफारशीमागे कारण हवं आणि ते तुमच्याच विश्लेषणातून निघालेलं हवं.

अटींमध्ये ‘एक संस्था’ आणि ‘किमान दोन’ सरळ आहेत. दोन कंपन्यांची तुलना केलीत तर ती हौस तुमच्या शब्दसंख्येतून जाते. शब्दमर्यादेत संदर्भसूची, तक्ते, परिशिष्टं धरतात का, ते वाचा. दहा टक्के इकडेतिकडे चालतं असं सीनियर सांगतात, पण ते सगळीकडे चालत नाही, तुमच्या हँडबुकात काय आहे ते खरं. पेपर निनावी तपासला जाणार असेल तर मुखपृष्ठावर नाव न टाकता विद्यार्थी क्रमांक टाकायचा. आणि नाताळात घरी आलेला असाल तर जानेवारीत तिथले दुपारचे बारा म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच.

आता लर्निंग आउटकम. बहुतेक जण हा भाग विद्यापीठाची औपचारिकता समजून सोडतात. पण प्रश्नात नसलेली एक गोष्ट तिथे बसलीय, ‘नैतिक परिणाम’. मॉड्यूलनं विद्यार्थी काय शिकला हे याच ओळींवरून पाहिलं जातं, त्यामुळे अहवालात त्याचा पत्ताच नसेल तर तपासनीस ते नोंदवणार. वेगळं प्रकरण नको, पण एक ठोस परिच्छेद हवा. समासात लिहून ठेवा.

दुसरं वाचन: शेजारशेजारचे खण

रुब्रिकच्या प्रत्येक निकषापुढे मार्कांच्या पट्ट्यांचे खण असतात. बहुतेक जण सगळ्यात वरचा खण वाचतात, ‘उत्कृष्ट, सखोल, मौलिक’ असे शब्द दिसतात आणि हातात काही लागत नाही. त्याऐवजी दोन शेजारचे खण, 60–69 आणि 70–79, एकाखाली एक लिहून काढा. हातानं लिहा, कारण लिहिताना फरक दिसतात. आपल्या नमुन्यात चिकित्सक विश्लेषणाचे खण असे आहेत:

60–69: ‘सिद्धान्ताचा केसला चांगला उपयोग. विश्लेषण स्पष्ट, काही ठिकाणी चिकित्सक. युक्तिवाद बहुतांशी पुराव्यावर आधारित.’

70–79: ‘सिद्धान्ताचे सातत्याने चिकित्सक मूल्यमापन, त्याच्या मर्यादांची जाण. परस्परविरोधी पुरावा तोलून स्वतंत्र निष्कर्ष.’

दोन्हीत सारखं आहे ते खोडा. उरतात चार फरक: ‘काही ठिकाणी’चं ‘सातत्यानं’ झालं, सिद्धान्ताच्या मर्यादा आल्या, एकमेकांविरुद्ध जाणारा पुरावा आला आणि स्वतःचा निष्कर्ष आला. ‘सखोल’, ‘प्रगल्भ’ अशा विशेषणांवर वेळ घालवू नका, त्यांना धरून काही लिहिता येत नाही. हे चार मात्र लिहिता येतात. प्रत्येकाचा प्रश्न करा: कुठल्या परिच्छेदात सिद्धान्त अपुरा पडतो? कुठे दोन पुरावे भांडतात? माझा निवाडा कुठल्या वाक्यात आहे?

शिफारशींच्या निकषाचंही असंच करायचं. समजा 60 च्या खणात ‘योग्य आणि विश्लेषणाशी जोडलेल्या’ आहे आणि 70 च्या खणात ‘अंमलबजावणी, खर्च व धोके यांचा विचार करून प्राधान्यक्रम लावलेल्या’. मग आठ शिफारशींची यादी देऊन 70 येणार नाहीत. तीन द्या, पण कोणी करायची, आधी कुठली, महाग काय पडेल आणि त्यातून नवा धोका कोणता येईल, हे प्रत्येकीला जोडा.

बाकीच्या तीन निकषांचे खण पाच मिनिटांत उरकतात.

वजनाचा हिशोब

आता एक गणित, ज्यानं अंदाज बदलतो. एका मुलाचा मसुदा समजा असा आहे: सिद्धान्त छान, इंग्रजी स्वच्छ, विश्लेषण वर्णनाकडे झुकलेलं, शिफारशी घाईत. ज्ञानाला 68, विश्लेषणाला 55, शिफारशींना 52, संदर्भांना 65, मांडणीला 70. टक्केवारीनं गुणून बेरीज केली तर बरोबर 60.

शेवटचा आठवडा त्यानं आकृत्या देखण्या करण्यात आणि भाषा घासण्यात घालवला आणि मांडणी 80 वर नेली, तर एकूणात एक मार्क वाढतो. तोच आठवडा विश्लेषणावर घालवून 55 चे 72 केले तर जवळजवळ सहा. शिफारशी 52 वरून 70 वर नेल्या तर आणखी साडेतीन. त्यात संदर्भ 65 चे 70 झाले की एकूण 70 पार होतं, मांडणीला हात न लावता.

मात्र वजनाच्या प्रमाणात शब्द वाटू नका. विश्लेषणाला 35 टक्के म्हणून 1050 शब्द, संदर्भांना 15 टक्के म्हणून 450 शब्द, असं होत नाही. संदर्भांचा वेगळा भाग नसतोच, ते सगळ्या मजकुरात विणलेले असतात. वजन पाहून ठरवायचं ते वेळ कशाला द्यायचा आणि शब्द कमी पडले तर कात्री कुठे लावायची. आणि तुमच्या रुब्रिकमध्ये टक्केवारीच नसेल, फक्त पट्ट्यांची वर्णनं असतील, तर तिथे एकत्रित निवाडा होतो. मग हे गणित करू नका, शेजारच्या खणांचा फरक तेवढा पुरे.

विषय निवडायचा तो आता

‘तुमच्या पसंतीची संस्था’ हे वाचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कंपनी ठरवून मोकळं व्हायचा मोह होतो. एक मुलगा चाकणला मामाचं सुट्या भागांचं युनिट घ्यायचं म्हणत होता. माहिती भरपूर, फोन केला की उत्तर. अडचण दोन ठिकाणी येते. मामाला प्रश्न विचारून उत्तरं अहवालात वापरायची म्हणजे बऱ्याच विद्यापीठांत आधी एथिक्सची परवानगी लागते. आणि रुब्रिकला हवा असलेला परस्परविरोधी पुरावा तिथे कुठून आणणार? मामा एकच बाजू सांगणार.

म्हणजे संस्था निवडताना 70 च्या खणातले चार फरक समोर ठेवायचे. छापील पुरावा भरपूर हवा, त्यात मतभेद हवेत आणि पाठ्यपुस्तकातली चौकट जिथे नीट बसत नाही असा प्रसंग हवा. या कसोटीला उतरणारं एक उदाहरण ब्रिटनमधलंच आहे, 2018 मधलं केएफसीचं चिकन संपलं ते.

फेब्रुवारी 2018 मध्ये केएफसीनं ब्रिटनमधल्या दुकानांना माल पोचवण्याचं काम बिडव्हेस्टकडून काढून डीएचएलकडे दिलं. नवी व्यवस्था रग्बी इथल्या एकाच गोदामावर उभी होती. काही दिवसांत सुमारे 900 दुकानांपैकी निम्म्याहून जास्त बंद पडली. मार्चमध्ये उत्तरेकडच्या साधारण 350 दुकानांचं काम परत बिडव्हेस्टकडे गेलं.

60 चा परिच्छेद आणि 70 चा परिच्छेद

चौकट घेऊ क्राल्जिकची, 1983 ची, खरेदीच्या मॉड्यूलमध्ये शिकवतातच. विकत घ्यायची प्रत्येक गोष्ट दोन प्रश्नांवर मांडायची: नफ्यावर परिणाम किती आणि पुरवठ्याचा धोका किती. त्यातून चार खाने पडतात.

60 चा परिच्छेद असा होईल: चिकनचा नफ्यावर परिणाम मोठा, पुरवठादार अनेक, म्हणून ते अमुक खान्यात बसतं. वाहतुकीची सेवा देणाऱ्या कंपन्याही अनेक, म्हणून तिथे घासाघीस करून दर कमी करता येतो. केएफसीनं तेच केलं, पण एकाच गोदामावर विसंबल्यानं संकट आलं. यात चूक काही नाही. चौकट बरोबर वापरली, केसला जोडली. खणाच्या भाषेत ‘चांगला उपयोग’.

70 चा परिच्छेद इथून पुढे जातो. चौकटीप्रमाणे वाहतुकीचा धोका कमी दिसत होता, मग दुकानं का बंद पडली? कारण क्राल्जिकचा तक्ता प्रत्येक खरेदी सुटी मोजतो आणि एका क्षणाचं चित्र दाखवतो. वाहतूकदार बदलण्याच्या काळात जो धोका निर्माण होतो त्याला त्या तक्त्यात जागा नाही. झाली सिद्धान्ताची मर्यादा, आणि तीही केसमधून निघालेली. ‘हा सिद्धान्त जुना आहे’ असं मोघम वाक्य टाकून ती भागत नाही. तपासनीस अशी वाक्यं दर पेपरात वाचतो.

मग भांडणारे पुरावे. एक बाजू म्हणते दोष एका गोदामाचा. पण एकाच मध्यवर्ती गोदामातून माल पाठवणाऱ्या कंपन्या इतरही आहेत आणि त्यांची दुकानं बंद पडत नाहीत. पहिल्या दिवशी रग्बीजवळच्या मोटरवेवर अपघात झाले होते, तेही कारण सांगितलं गेलं. पण अपघाताचा रस्ता काही तासांत मोकळा होतो, टंचाई कित्येक दिवस टिकली. म्हणजे अपघातानं ठिणगी पडली असेल, एवढंच. हे तोलून तुमचं वाक्य येतं: मूळ धोका एका गोदामापेक्षा सगळी दुकानं एकाच वेळी नव्या व्यवस्थेवर नेण्यात होता, एका गोदामामुळे तो सावरायला वाव राहिला नाही. कोणी याच्याशी असहमत होऊ शकेल. होऊ दे, निष्कर्ष स्वतंत्र असण्याची खूण तीच.

दुसरी चौकट, समजा शक्यता आणि परिणाम मांडणारा धोक्यांचा तक्ता, याच वादात आणायची. पहिलीला जे दिसलं नाही ते हिला दिसतं का? बदलाचा पहिला आठवडा स्वतंत्र धोका म्हणून लिहिला तर दिसतं, लिहिलाच नाही तर हीही आंधळी. दोन चौकटी दोन वेगळ्या प्रकरणांत ओळीनं वर्णन केल्या की ‘किमान दोन’ची अट पुरी होते, मार्क मात्र 60 च्याच आसपास राहतात.

शिफारस आपोआप पुढे येते: प्रदेशवार टप्प्यांनी बदल आणि तोवर जुन्या वाहतूकदाराशी करार चालू. खर्च दुप्पट, काही काळापुरता. नवा धोका, दोन व्यवस्थांमध्ये साठ्याच्या नोंदींचा गोंधळ. आणि तो नैतिक परिच्छेद? दुकानं बंद असताना तासांवर काम करणाऱ्यांच्या पगाराचं काय झालं, हा प्रश्न याच केसमध्ये आहे. शोधून आणावा लागत नाही.

एका पानाचा आराखडा

आता शब्द वाटा. प्रस्तावना आणि कंपनी मिळून 300. चौकटींची ओळख 400, त्याहून जास्त नको, कारण वर्गात शिकवलेलं परत लिहिल्याबद्दल फक्त ज्ञानाच्या निकषात मार्क मिळतात. विश्लेषण 1350, नैतिक परिच्छेद त्यातच धरून. शिफारशी 700. निष्कर्ष 250, ज्यात नवं काही आणायचं नाही. प्रत्येक भागासमोर रुब्रिकचा कोणता निकष आणि 70 च्या खणातला कोणता शब्द तिथे भागतोय, ते लिहा. एखाद्या भागासमोर काहीच लिहिता येत नसेल तर तो भाग कशाला ठेवलाय?

एवढं झालं की मॉड्यूल लीडरकडे जा. ‘माझा विषय बरोबर आहे का?’ असं विचारलं तर ‘इंटरेस्टिंग आहे’ असं गोड उत्तर मिळतं आणि आपण खूश होऊन परततो. त्यापेक्षा नेमकं विचारा: ‘विश्लेषणाच्या निकषात सिद्धान्ताच्या मर्यादा म्हटलंय, त्या केसमधून दाखवायच्या की त्यावरच्या लेखांतून?’ किंवा ‘नैतिक परिणामांना वेगळं शीर्षक अपेक्षित आहे का?’ याचं उत्तर त्यांना हो-नाही किंवा एका वाक्यात देता येतं. मसुदा वाचून द्या म्हणू नका, पुष्कळ ठिकाणी नियमानंच ते करता येत नाही. एक पान आराखडा मात्र ऑफिस अवर्समध्ये बहुतेक जण पाहतात. त्यांनी तोंडी सांगितलेलं ब्रीफशी जुळत नसेल तर ईमेलनं लेखी विचारून घ्या. मित्रांच्या ग्रुपवर फिरणारा अर्थ धरून चालू नका. गेल्या वर्षीच्या सीनियरचं ब्रीफ तर नकोच, मॉड्यूल तेच असलं तरी टक्केवारी बदललेली असू शकते.

मसुदा तयार झाल्यावर रुब्रिक पुन्हा काढा आणि पाच रंगांचे हायलायटर घ्या, निकषाला एक रंग. जिथे वाक्य निवाडा देतंय तिथे विश्लेषणाचा रंग, जिथे फक्त माहिती आहे तिथे ज्ञानाचा. पहिल्या मसुद्यात ज्ञानाचा रंग बहुधा अर्ध्याहून जास्त पानं व्यापतो. कात्री तिथे लावा, आणि सुटलेले शब्द त्या परिच्छेदांना द्या जिथे दोन पुरावे समोरासमोर आलेत पण तुम्ही अजून काहीच म्हटलेलं नाही.